अमेरिकेत हॉटेलचं बिल आणि टिप: निघण्यापूर्वी एवढं वाचून घ्या

आमच्याकडून अमेरिकेला जाणाऱ्या मंडळींचा एक फोन ठरलेला असतो: "बिल एवढ्याचं होतं, कार्डातून जास्त गेले. कार्ड ब्लॉक केलंय, आता काय करू?" बहुतेक वेळा यात फसवणूक झालेली नसते. ती तुम्हीच लिहिलेली टिप असते. पण कार्ड एकदा बंद झालं की पुढच्या मुक्कामी हॉटेलचं डिपॉझिट अडतं आणि दिवस त्यातच जातो. म्हणून हे पत्रक.

तिथे टेबलावर बसून जेवलात तर वेटर बिल आणतो, तुमचं कार्ड घेतो आणि बऱ्याच ठिकाणी ते घेऊन आत जातो. घाबरू नका, ती तिथली जुनी पद्धत आहे. ओटीपी येत नाही, पिनही बहुधा मागत नाहीत. तो दोन स्लिपा घेऊन परत येतो. त्यातल्या मर्चंट कॉपीवर 'टिप' आणि 'टोटल' अशा दोन रिकाम्या ओळी असतात. त्या पेनाने तुम्ही भरायच्या, सही करायची आणि ती स्लिप टेबलावर ठेवून निघायचं. दुसरी स्लिप, म्हणजे कस्टमर कॉपी, तुमची.

समजा, न्यूयॉर्कमध्ये चौघं जेवलात. जेवण 100 डॉलरचं, त्यावर 8.875 टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे एकूण 108.88. टिप टॅक्सवर नाही, जेवणाच्या रकमेवर काढायची. आज तिथे 18 ते 20 टक्के रीतसर समजतात. 20 टक्क्यांनी 'टिप'समोर 20.00 आणि 'टोटल'समोर 128.88 लिहायचं. बँकेचा मेसेज मात्र तुम्ही अजून टेबलावर असतानाच 108.88 चा येतो. हॉटेलवाले टिप नंतर चढवतात आणि एक-दोन दिवसांत खात्यात 128.88 दिसतात. वाढलेली रक्कम आपल्या स्लिपेवरच्या टोटलशी जुळली की विषय संपला. त्यासाठी कस्टमर कॉपीवरही तेच आकडे लिहा आणि स्टेटमेंट येईपर्यंत ती जपून ठेवा. आकडा जुळलाच नाही, तर आधी आम्हाला फोन करा, कार्ड त्यानंतर बंद करू.

सहा किंवा जास्त माणसं असतील तर बिल नीट वाचा. बरीच हॉटेलं मोठ्या ग्रुपच्या बिलात 18 किंवा 20 टक्के 'ग्रॅच्युइटी', म्हणजे टिपच, आधीच धरतात, तरीही स्लिपेवर टिपची ओळ रिकामी असतेच. ती पुन्हा भरली की दुप्पट टिप जाते. ग्रॅच्युइटी लागलेली दिसली की त्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि टोटलमध्ये छापील रक्कम लिहा.

"जेवणाचे पैसे दिले, वर पाचवा हिस्सा कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. किमान वेतनाची बाकीची भर टिपमधून पडेल असं धरलेलं असतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण टिपची रीत तिथेही तीच. त्यामुळे जेवण आवडूनही टिपची ओळ कोरी सोडलीत, तर वेटरला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. सेवा खरोखर वाईट असेल तर मॅनेजरला बोलावून सांगा.

काउंटरवर कॉफी घेतली की स्क्रीन तुमच्याकडे फिरवतात, त्यावर 18, 20, 25 टक्के असे चौकोन दिसतात. तिथे 'नो टिप' दाबलं तरी चालतं, संकोच नको. खोली साफ करणाऱ्यांसाठी मात्र रोज दोन ते पाच डॉलर उशीजवळ ठेवा. शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नका, कारण रोज तीच व्यक्ती असेल असं नाही.

जपानला जाणाऱ्यांनी यातलं काहीही करू नये. तिथे टिपची पद्धतच नाही, टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरलात समजून वेटर मागे धावत येऊन ते परत देतो.

टिप पॅकेजमध्येच का धरत नाही, असंही विचारतात. ड्रायव्हर आणि गाइडची टिप आम्ही धरतो, ती कोटेशनमध्ये वेगळी दिसते. रात्रीचं जेवण तुमच्या आवडीचं, कुठे आणि किती ते आम्हाला आधी कळत नाही. अंदाजाने रक्कम धरली तर कमी खाणाऱ्यानेही ती भरायची, हे आम्हाला पटत नाही.

निघण्याच्या आठवड्यात ऑफिसला या. खऱ्या स्लिपांच्या नमुन्यावर दोनदा भरून पाहिलं की हात बसतो, पंधरा मिनिटं पुरतात. फॉरेक्स आमच्याकडून घेतलंत तर एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटांचं पाकीट त्यातच बांधून देतो, कारण विमानतळावर उतरल्यावर सुटे शोधणं जड जातं. तिकीट दुसरीकडून काढलं असलं तरी सराव करायला या, त्याचे पैसे घेत नाही.