‘काही गोळ्या बंद केल्या आहेत’: एका वाक्यातले तीन अर्थ

‘सुनीलने काही गोळ्या बंद केल्या आहेत.’ हे वाक्य ऐकलं की तीन गोष्टी कळतात. निदान एक तरी गोळी तो आता घेत नाही. त्याला आधीपासून गोळ्या चालू होत्या. आणि सगळ्याच काही त्याने बंद केलेल्या नाहीत, उरलेल्या चालू आहेत.

ऐकताना तिन्ही सारख्याच पक्क्या वाटतात, पण भाषाशास्त्रात त्यांचे प्रकार वेगळे आहेत. पहिला अनिवार्य अर्थ: वाक्य खरं असेल तर तो खरा असलाच पाहिजे. दुसरं पूर्वगृहीत: बोलणारा ते सांगत नाही, मान्य आहे असं धरूनच पुढे बोलतो. तिसरा सूचितार्थ: तो शब्दांत नसतो, ऐकणारा तर्काने काढतो. सगळ्या बंद केल्या असत्या तर ‘सगळ्या’ म्हणाला असता, ‘काही’ म्हणाला त्याअर्थी सगळ्या नसाव्यात, असा तो तर्क. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हा हिशोब मांडला. असा तर्कातून आलेला अर्थ बोलणाऱ्याला मागे घेता येतो, हेही त्यांनीच दाखवलं.

हे तीन प्रकार वेगळे ओळखायला दोन चाचण्या आहेत. पहिली चाचणी या मागे घेता येण्यावरच उभी आहे. मूळ वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि पुढे संशयित अर्थ नाकारणारं वाक्य जोडायचं. ‘सुनीलने काही गोळ्या बंद केल्या आहेत, खरं तर सगळ्याच बंद केल्या आहेत.’ चालतं. म्हणजे ‘सगळ्या नाहीत’ हा सूचितार्थ. ‘काही गोळ्या बंद केल्या आहेत, पण एकही बंद केलेली नाही’ हा सरळ विरोध. ‘काही गोळ्या बंद केल्या आहेत, पण त्याला कधी गोळ्या चालूच नव्हत्या’ हेही तितकंच अडतं. थोडक्यात, या चाचणीने सूचितार्थ वेगळा पडतो, पण उरलेले दोघे एकत्रच राहतात.

त्यांना सोडवायला दुसरी चाचणी लागते. तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी 1892 मध्येच म्हटलं होतं की काही गृहीतकं वाक्य नाकारलं तरी शाबूत राहतात. आता नकाराबरोबर प्रश्न आणि ‘तर’ही वापरतात. ‘सुनीलने काही गोळ्या बंद केल्या आहेत का?’ विचारणाऱ्याला बंद केल्यात की नाही ते माहीत नाही, पण गोळ्या चालू होत्या हे तो धरून चाललाय. ‘सुनीलने काही गोळ्या बंद केल्या असतील, तर डॉक्टरांना सांगा.’ इथेही तेच. गोळी बंद झाल्याचा दावा उरला नाही, आधी चालू होत्या हे मात्र टिकलं. जे टिकतं ते पूर्वगृहीत, जे विरतं तो अनिवार्य अर्थ.

याच ‘तर’च्या वाक्यात सूचितार्थाकडेही बघा. सगळ्याच गोळ्या बंद केल्या असतील तर डॉक्टरांना सांगायचं नाही, असं कुणी समजेल का? उलट आधी सांगेल. ‘सगळ्या नाहीत’ हा अर्थ इथे आपोआप गळला.

नकाराच्या वेळी मराठीत एक खड्डा आहे. ‘सुनीलने काही गोळ्या बंद केलेल्या नाहीत’ असं वाक्य करून चाचणी लावली की घोळ होतो. त्यातून ‘काही गोळ्या राहिल्यात’ असाही अर्थ निघतो, आणि ‘मी काही येणार नाही’मधल्यासारखा नुसता ठासून नकारही. दोन्हींत आपल्याला हवा तो नकार नाही. म्हणून अख्खं वाक्य बाहेरून नाकारायचं: ‘सुनीलने काही गोळ्या बंद केल्या आहेत असं नाही.’ तेही सपाट सुरात वाचायचं. ‘काही’वर जोर दिलात तर ‘काही नाही, सगळ्याच!’ असा शब्दाच्या निवडीलाच आक्षेप होतो, आणि चाचणी भलत्याच गोष्टीची होते.

सगळ्यात जास्त चुका मात्र दोन्ही चाचण्यांची सरमिसळ केल्याने होतात. ‘सुनीलने गोळ्या बंद केलेल्या नाहीत, त्याला कधी चालूच नव्हत्या’ हे वाक्य चालतं. ते बघून ‘आधी चालू होत्या’ हाही मागे घेता येतो, म्हणजे सूचितार्थच, असा निष्कर्ष काढला जातो. तो चूक आहे, कारण नकाराखालचं पूर्वगृहीत असं पुसता येतं. मागे घेण्याची चाचणी साध्या होकारी वाक्यावरच करायची.

गृहीतक दिसत नाही म्हणून ते नव्हतंच, असंही समजू नये. ‘सुनीलला गोळ्या चालू असतील, तर त्याने काही बंद केल्या असतील’ या वाक्यात त्याला गोळ्या चालू होत्या असं काहीच ठरत नाही. भाषाशास्त्रज्ञ लाउरी कार्टुनेन यांनी 1973 मध्ये अशा रचनांना गाळणीचं नाव दिलं: पहिल्या भागातच गृहीतक शंका म्हणून मांडलं की दुसऱ्या भागातलं गृहीतक तिथेच अडतं, वर येत नाही. म्हणून चाचणीचं ‘तर’ वाक्य निवडताना संशयित अर्थ पहिल्या भागात आधीच लिहिला गेलेला नाही ना, एवढं पाहून घ्यावं.