खरखर तीच, पण एक जॅक मळलेला आणि एक सैल झालेला

मागच्या पावसाळ्यानंतर दोन वस्तू एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर आल्या. एक गिटारचा अ‍ॅम्प, दुसरा कीबोर्ड. दोघांची तक्रार शब्दाला शब्द सारखी होती: मध्येच खरखरतो, मध्येच आवाज बसतो, हलवलं की परत येतो. अ‍ॅम्पचं काम कॉन्टॅक्ट क्लीनरवर भागलं. कीबोर्डवर अख्खा डबा रिकामा केला असता तरी उपयोग नव्हता.

अ‍ॅम्पमध्ये गिटारचा जॅक ठीकच होता. दोष निघाला मागच्या बाजूच्या इफेक्ट लूपमध्ये, म्हणजे बाहेरचे इफेक्ट जोडायच्या ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ या सॉकेटच्या जोडीत, जिथे मालकाने कधी पिन घातलीच नव्हती. अनेक अ‍ॅम्पमध्ये ‘रिटर्न’ सॉकेटच्या आत एक छोटी पत्ती असते. सॉकेट रिकामं असताना सिग्नल त्या पत्तीवरूनच पुढे जातो. पिन घातली की पत्ती उचलली जाते. वर्षानुवर्षं कुणी पिन घातली नाही की घासणं होत नाही, आणि दमट हवेत त्या स्पर्शबिंदूवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. गिटारचा सिग्नल इतका क्षीण की एवढा थरही त्याला पुरतो. खात्री करायला ‘सेंड’मधून ‘रिटर्न’मध्ये एक छोटी केबल जोडली. आता सिग्नल पत्तीला वळसा घालून जातो. आवाज लगेच भरून आला, म्हणजे पत्तीच मळलेली.

कीबोर्डच्या आउटपुटची गोष्ट वेगळी. पिन घातल्यावर जो ‘टक्’ असा बसल्याचा स्पर्श बोटांना जाणवतो, तो नव्हताच. पिन जागच्या जागी गोल फिरवली तर फरक पडेना. पण खाली दाबली की आवाज जायचा, वर उचलली की यायचा, दर वेळी तसंच. मला सगळ्यात जास्त भरवसा याच परीक्षेचा वाटतो. मळलेला जॅक गोल फिरवल्यावर खरखरतो, दोन-चारदा आतबाहेर केल्यावर काही काळ सुधारतो आणि त्याला ठरावीक दिशा नसते. मोडका जॅक एकाच दिशेच्या दाबाला दाद देतो.

साफ करताना आधी वीज बंद आणि प्लग भिंतीतून बाहेर. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर स्वतः उघडूच नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. साध्या जॅकला फवारा सॉकेटमध्ये न मारता पिनवर मारा, ती पंधरा-वीस वेळा आतबाहेर करा, थोडी फिरवा, मग पुसा. फडक्यावर काळपट रेघ उमटते, तोच तो थर. रेघ उमटायची थांबेपर्यंत हेच करत राहा. रिटर्नच्या पत्तीपर्यंत पिनवरचं क्लीनर नीट पोचत नाही. तिथे नळीने एकच छोटा फवारा आत मारून पिन आतबाहेर केली. मग पंधरा मिनिटं सुकू दिलं, कारण बहुतेक क्लीनर ज्वालाग्राही असतात. डब्यावर ‘प्लॅस्टिकला सुरक्षित’ असं लिहिलेलं आहे ना, तेही पाहून घ्या. सॉकेटच्या आत पॉलिश पेपर मात्र घालू नका. वरचा मुलामा निघतो, खालचं पितळ उघडं पडतं आणि पुढचा थर अधिक लवकर चढतो.

कीबोर्ड उघडला तेव्हा सॉकेटचा बाहेरचा नट सैल सापडला. नट घट्ट असतो तेव्हा केबलचा ओढा पेटीवर येतो. सैल झाला की तो सगळा बोर्डावरच्या सोल्डरवर येतो. भिंगातून पाहिलं तर एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. नुसती चीर असती तर पुन्हा सोल्डर करून काम झालं असतं, सॉकेट बदलायची गरज नव्हती. म्हणून चांगली पिन घालून मल्टिमीटरचं एक टोक पिनच्या टोकाला आणि दुसरं थेट सॉकेटच्या पायाला लावलं, म्हणजे सोल्डर हिशेबातच नाही. आकडा एक ओहमच्या आत स्थिर राहायला हवा. पिन हलवताच तो उडत होता. आतल्या पत्तीचा ताण गेला होता, आणि तो कुठल्याही फवाऱ्याने परत येत नाही. पत्ती वाकवून पाहण्याचा मोह होतो, पण थकलेला धातू महिन्याभरात पुन्हा बसतो, असा माझा अनुभव आहे.

नवं सॉकेट आणताना जुनंच सोबत नेलं. ६.३५ मिमीचे जॅक बाहेरून सारखेच दिसतात, पण पायांची मांडणी, मोनो की स्टिरिओ आणि आत स्विचची पत्ती आहे की नाही, हे जुळलं नाही तर बोर्डावर बसत नाही किंवा बसूनही आवाज देत नाही. बसवताना आधी नट आवळला, मग पायांना सोल्डर केलं. उलट केलं तर नट आवळतानाच नव्या सांध्यावर ताण पडतो.

अ‍ॅम्पच्या मालकाला सांगून ठेवलंय, दर दोन महिन्यांनी रिटर्नमध्ये कोरडी पिन दहा वेळा घाला-काढा. पंधरा दिवसांतच खरखर परत आली, तर समजायचं की मुलामा गेला, आणि मग त्याचंही सॉकेट बदलायचं.