‘वूऽऽ’: चर्चमधून रॉक अँड रोलमध्ये आलेली आरोळी

सप्टेंबर १९५५. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कोझिमो मटासाच्या जे अँड एम स्टुडिओत लिटल रिचर्ड नावाने गाणारा बावीस वर्षांचा रिचर्ड पेनिमन रेकॉर्डिंगला बसला होता, आणि काम रंगत नव्हतं. स्टेजवर जो पोरगा आग ओकायचा, तो मायक्रोफोनसमोर नेमस्तपणे ब्लूज गात होता. निर्माता बम्प्स ब्लॅकवेल हताश झाला होता. जेवणाच्या सुट्टीत मंडळी ड्यू ड्रॉप इन या क्लबात गेली. तिथे पियानो होता आणि ऐकायला माणसंही होती. रिचर्ड पियानोला भिडला आणि रात्रीच्या क्लबांत तो गात असे ते एक चावट गाणं त्याने मोकळ्या गळ्याने म्हटलं. ब्लॅकवेलला हवं होतं ते हेच. डोरोथी लाबॉस्ट्री या गीतकार बाईंकडून घाईघाईने शब्द सोज्वळ करून घेतले आणि सत्र संपायला थोडा वेळ उरलेला असताना ‘टुटी फ्रुटी’ ध्वनिमुद्रित झालं.

हे गाणं आज ऐकताना दोन जागा कान देऊन ऐकाव्यात. एक, धृपदाची ओळ संपते तिथे. आवाज भरल्या, खरबरीत पट्टीतून एका क्षणात निसटतो आणि वर जाऊन बारीक, गुळगुळीत ‘वूऽऽ’ होतो. दुसरी, ली ॲलनचा सॅक्सोफोन सुरू होण्याआधी. तिथे रिचर्ड चक्क किंचाळतो. या दोन्ही गोष्टी त्या काळच्या श्रोत्यांना रानटी, अगदी नव्या वाटल्या. नव्या त्या मुळीच नव्हत्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये त्या रोजच्या वापरात होत्या, आणि रिचर्डने कुणाकडून काय घेतलं हे स्वतःच अनेकदा सांगितलं आहे.

‘वूऽऽ’चं श्रेय तो मॅरियन विल्यम्स यांना देत असे. मायामीत जन्मलेल्या या गायिका १९४०च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या वॉर्ड सिंगर्समध्ये आल्या. ‘शुअरली गॉड इज एबल’ या त्या मंडळाच्या गाजलेल्या गाण्यात त्यांचा आवाज मध्यभागी आहे. त्यांच्या गाण्याची खूण म्हणजे खालच्या सुरात गुरगुरत असताना अचानक वर मारलेली ती उडी.

ही उडी घशात कशी घडते? स्वरयंत्रात दोन स्वरपट्ट्या असतात. आपण मोठ्याने, भरीव आवाजात गातो तेव्हा त्या पट्ट्यांमधला स्नायू आवळलेला असतो. पट्ट्या जाड राहतात आणि प्रत्येक कंपनात एकमेकींवर घट्ट आपटतात. अशा आवाजात मूळ कंप्रतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंप्रतांचे सूर भरपूर असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात, आणि त्यांच्यामुळेच आवाजाला धार येते. गायक फॉल्सेटोत, म्हणजे त्या बारीक, उंच आवाजात, गेला की पट्ट्यांमधला स्नायू सैल पडतो, बाहेरचा दुसरा स्नायू पट्ट्यांना ताणून लांब आणि पातळ करतो, आणि मग फक्त त्यांच्या कडा थरथरतात. वरचे हार्मोनिक विरतात. त्यात स्वर ‘ऊ’ असला तर ओठांचा चंबू उरलेसुरले उंच सूरही दाबून टाकतो. मागे राहतो जवळजवळ एकच शुद्ध सूर, बासरीसारखा.

शास्त्रीय पाश्चात्त्य गायनात या दोन अवस्थांमधला सांधा ऐकू येऊ नये म्हणून विद्यार्थी वर्षानुवर्षं घासतात. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत. ते गाणाऱ्या गायिका तोच सांधा उघडा करून दाखवतात. कानाला इतका झटका बसतो तो केवळ उंचीमुळे नाही. स्वर बदलतो, जोर बदलतो आणि आवाजाचा पोतही त्याच क्षणी बदलतो. त्यासाठी गायकाला जास्त ताकद लावावी लागत नाही, हेही महत्त्वाचं. स्नायूची पकड नेमक्या क्षणी सोडायची असते, आणि ती रोजच्या सरावानेच साधते.

दुसरी गोष्ट, किंचाळी. इथे नाव घ्यायला हवं ते फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ मिसिसिपी या मंडळाच्या आर्ची ब्राउनलींचं. हे अंध गायक शांतपणे प्रार्थना सुरू करत आणि शेवटाकडे अशी आरोळी ठोकत की सभागृहातली माणसं उभी राहत. चर्चच्या बोलीत अशा गायकाला ‘हाउस रेकर’, म्हणजे सभागृह उलथून टाकणारा, म्हणत.

अशा खरबरीत आवाजात मुख्य स्वरपट्ट्यांबरोबर त्यांच्या वरच्या ऊतीही थरथरू लागतात. एरवी गाताना त्या बाजूला राहतात. गायक घसा वरून आवळतो आणि हवेचा दाब वाढवतो, तशा त्या कंपनात ओढल्या जातात. बऱ्याचदा त्यांची गती मुख्य पट्ट्यांच्या निम्मी असते. पट्ट्या सेकंदाला ३०० वेळा आपटत असतील तर वरच्या ऊती १५० वेळा. त्यामुळे प्रत्येक दुसरं कंपन थोडं वेगळं होतं आणि आवाजात खरखर उमटते.

ही खरखर मेंदूला दुर्लक्षिता येत नाही. २०१५ साली ल्यूक आर्नाल, डेव्हिड पोपेल आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळ्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की किंकाळीचा जोर सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा कमी-जास्त होत असतो, आणि साध्या बोलण्यात हा पट्टा जवळपास रिकामा असतो. हा चढउतार जितका ठळक, तितकी किंकाळी भयानक वाटते आणि भीतीशी निगडित असलेला मेंदूतला अमिग्डाला हा भाग तितका जास्त जागा होतो. म्हणजे गॉस्पेल गायक धोक्याच्या इशाऱ्यासाठी असलेली वाट वापरत होते.

मग ऐकणारे घाबरून पळत का नव्हते? माझ्या मते याचं उत्तर घशात सापडणार नाही, ते गाण्याच्या बांधणीत आहे. गॉस्पेल चौकडीच्या गाण्यात शेवटाकडे ‘ड्राइव्ह’ नावाचा भाग येतो. साथीचे गायक एक छोटी ओळ पकडून ती तशीच पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. टाळ्या आणि पाय लय धरून ठेवतात आणि मुख्य गायक त्यावर मोकळा सुटतो. वारकरी भजनाच्या शेवटी गजर चढत जाताना ज्याने ऐकलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. लय पक्की आहे, पुढची ओळ कोणती हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या खात्रीच्या मधोमध आवाज फाटतो. मेंदूला इशारा मिळतो पण धोका कुठेच नसतो. त्यात चर्चमधल्या श्रोत्यांची जडणघडणही अशी की फाटलेला आवाज म्हणजे गायकात पवित्र आत्मा उतरल्याची खूण. ते उत्तर देत, ओरडत, रडत आणि गायकाला आणखी वर ढकलत.

ही बांधणी जशीच्या तशी उचलण्याचं धाडस आधी गायक रे चार्ल्स यांनी केलं. १९५४ मध्ये दौऱ्यावर असताना मोटारीतल्या रेडिओवर सदर्न टोन्स या मंडळाचं ‘इट मस्ट बी जीझस’ हे गाणं लागलं होतं. रे आणि त्यांचा ट्रम्पेटवादक रेनल्ड रिचर्ड यांनी त्याच चालीवर बाईच्या प्रेमाचे शब्द बसवले आणि नोव्हेंबरमध्ये अटलांटातल्या एका रेडिओ केंद्राच्या स्टुडिओत ‘आय गॉट अ वुमन’ ध्वनिमुद्रित झालं. चर्चमधल्या अनेकांना ते पाखंड वाटलं. देवाची जागा प्रेयसीला दिली होती, आणि गळा मात्र तोच होता. पण गाणं तुफान चाललं. गॉस्पेलच्या तबकड्या काढणाऱ्या स्पेशल्टी कंपनीचा मालक आर्ट रूप याला आता असा चर्चचा गळा असलेला ब्लूज गायक हवा होता. न्यू ऑर्लिन्समधलं ते सत्र त्यातूनच ठरलं.

लिटल रिचर्डचं चर्चशी नातं ऐकीव नव्हतं. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी तो कुटुंबाबरोबर वेगवेगळ्या पंथांच्या चर्चमध्ये जात असे. संगीतामुळे पेंटेकोस्टल चर्च त्याला सगळ्यात आवडे. लहानपणी त्याच्या आरडाओरड्यामुळे लोक त्याला ‘वॉर हॉक’ म्हणत. १९४७ मध्ये मेकनच्या सभागृहात सिस्टर रोझेटा थार्प आल्या. इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन त्या देवाची गाणी गायच्या. चौदा वर्षांच्या रिचर्डचं गाणं कार्यक्रमाआधी त्यांच्या कानावर पडलं, त्यांनी त्याला स्टेजवर बोलावलं आणि गाण्याचे पैसेही दिले.

दक्षिणेतल्या गोऱ्या पोरांनाही हे चर्च परकं नव्हतं. एल्विस प्रेस्ली आणि जेरी ली लुईस दोघेही असेंब्ली ऑफ गॉड या पेंटेकोस्टल पंथात वाढले. एल्विस मेम्फिसमध्ये रेव्हरंड ब्रूस्टर यांच्या कृष्णवर्णीय चर्चमध्येही ऐकायला जात असे. मात्र सगळं रॉक अँड रोल चर्चच्या माथी मारता येणार नाही. फॅट्स डोमिनो निवांत, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा गातो. चक बेरीचं बळ त्याच्या स्पष्ट शब्दांत आणि गिटारमध्ये आहे. ताल मुख्यतः बूगी-वूगी आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीतप्रकारांकडून आला. चर्चने दिली ती गाताना तोल सोडायची रीत.

तोल सोडायलाही शिस्त लागते, आणि नक्कल करणारे इथेच फसतात. खरखर स्वरपट्ट्यांच्या वर उमटली तर मुख्य पट्ट्यांना फारशी इजा होत नाही. नवखा गायक मात्र मुख्य पट्ट्याच एकमेकींवर दाबून घासतो. त्या सुजतात, आणि हेच चालू राहिलं तर त्यांच्यावर गाठी येतात. सूज ओळखायची एक साधी खूण आहे. दुसऱ्या दिवशी उंच सूर अगदी हळू आवाजात गाऊन पाहावा. सूर उशिरा लागत असेल, आधी नुसती हवाच येत असेल, तर पट्ट्या सुजल्या आहेत असं समजून गळ्याला विश्रांती द्यावी. मोठ्याने गाताना हे कळत नाही, कारण जोर लावला की सुजलेल्या पट्ट्याही बोलतात.

१९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असताना, यशाच्या शिखरावर, लिटल रिचर्डने रॉक अँड रोल सोडल्याचं जाहीर केलं आणि तो अलाबामातल्या ओकवुड कॉलेजात धर्मशास्त्र शिकायला गेला. पुढची काही वर्षं तो गॉस्पेल गायला. त्यासाठी गळा बदलावा लागला नाही. १९६२ मध्ये युरोपच्या दौऱ्यात तो रॉक अँड रोलकडे परतला, तेव्हा हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये त्याच्याबरोबर लिव्हरपूलचं एक मंडळ वाजवत होतं. त्यातल्या पॉल मॅकार्टनीला शाळेपासून रिचर्डच्या आवाजात गायचा नाद होता, आणि ‘वूऽऽ’ कसं मारायचं ते त्याने रिचर्डकडूनच घेतलं. पुढच्या वर्षी बीटल्सच्या ‘शी लव्ह्ज यू’मध्ये ते ‘वूऽऽ’ आलं आणि सभागृहातल्या मुली त्याला किंकाळ्यांनी उत्तर देऊ लागल्या. त्यांच्यापैकी फार थोड्या जणींनी मॅरियन विल्यम्स हे नाव ऐकलं असेल.