पेटंट : हक्काचे स्वरूप आणि मर्यादा

पेटंट किंवा एकस्व म्हणजे एखाद्या नव्या शोधाचा वापर इतरांना करू न देण्याचा हक्क. तो शासन शोधकाला ठरावीक मुदतीपुरता देते. पेटंटधारकाच्या संमतीवाचून इतरांना ती वस्तू बनवता, वापरता, विकता किंवा आयात करता येत नाही. मात्र हा हक्क मनाई करण्याचा आहे, स्वतः वस्तू बनवण्याच्या परवानगीचा नाही, आणि नेमका हाच भेद पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटकडे स्वतःचे पेटंट होते. तरीही इंजिनाच्या वरखाली होणाऱ्या गतीतून चाक फिरवण्यासाठी भुजादंड (क्रँक) वापरण्याचे पेटंट 1780 मध्ये जेम्स पिकार्डने मिळवल्यामुळे, वॉटला ती वाट टाळून दातेरी चाकांची वेगळी रचना योजावी लागली.

या हक्काच्या बदल्यात शोधकाला आपली कृती इतकी स्पष्ट लिहून द्यावी लागते, की त्या क्षेत्रातील जाणकाराला ती वाचून शोध प्रत्यक्षात उतरवता यावा. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार संरक्षणाची मुदत अर्जाच्या तारखेपासून किमान 20 वर्षे असते आणि पेटंट ज्या देशात मिळाले, तेथेच ते लागू होते.

शोध नवा हवा, जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा आणि उद्योगात वापरता येण्यासारखा असावा, या अटी सर्वत्र थोड्याफार फरकाने आढळतात. पण त्याआधीचा प्रश्न अधिक मूलभूत आहे: मागितलेली गोष्ट शोध आहे, की नुसती कल्पना? सॅम्युअल मोर्सने तारयंत्राच्या पेटंटमधील आठव्या दाव्यात, कोणत्याही यंत्राने का होईना, विद्युतप्रवाहाच्या शक्तीने दूर अंतरावर अक्षरे किंवा खुणा उमटवण्याच्या साऱ्या वापरावरच हक्क सांगितला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1854 मध्ये त्याचे इतर दावे मान्य केले आणि हा फेटाळला. तो मान्य झाला असता, तर पुढे कोणी अगदी निराळ्या, अधिक सोप्या यंत्राने तेच काम साधले तरी त्याला मोर्सची परवानगी घ्यावी लागली असती. आणि मोर्सने ते यंत्र कसे असेल हे तर कुठेच लिहिलेले नव्हते. हक्क जेवढे उघड केले तेवढ्यापुरताच असावा, हा न्यायालयाचा आग्रह योग्यच म्हणावा लागेल.

याच कारणाने निसर्गनियम, वैज्ञानिक सिद्धान्त आणि गणिती सूत्रे यांना पेटंट मिळत नाही. युरोपीय कायद्यात खेळाचे नियम आणि व्यवसायाच्या पद्धतीही केवळ त्या रूपात वगळल्या आहेत. त्यांचा उपयोग करणारी ठोस प्रक्रिया मात्र पात्र ठरू शकते. रबर साच्यात किती वेळ तापवावे हे ठरवणारे आर्‍हेनियसचे समीकरण जुने आणि सर्वांचे आहे. परंतु साच्यातील तापमान सतत मोजून, त्या समीकरणाने संगणकावर वेळ पुनःपुन्हा काढून योग्य क्षणी दाबयंत्र उघडणाऱ्या पद्धतीला पेटंट मिळू शकते, असा निर्णय त्याच न्यायालयाने 1981 मध्ये दिला. समीकरण इतरत्र वापरण्यास सर्वजण मोकळेच राहिले.