सी-सॉवर टॉर्कमध्ये वजाबाकी, जडत्वाघूर्णात बेरीज

बागेतला सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. फळी 3 मीटर लांब, 12 किलोची, आणि टेकू बरोबर मध्यावर. एका टोकाला 30 किलोची ताई बसली आहे, दुसऱ्या टोकाला तिचा 20 किलोचा धाकटा भाऊ. बाबांनी फळी हाताने आडवी धरून ठेवली आहे. त्यांनी हात सोडला, की त्या क्षणी फळीचं कोनीय त्वरण किती असेल?

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: α = τ / I. म्हणजे टॉर्क भागिले जडत्वाघूर्ण. गाडी अडते ती हे दोन आकडे काढताना. दोन्हींत वस्तुमान येतं, दोन्हींत टेकूपासूनचं अंतर येतं, आणि दोन्हींत तीच दोन मुलं असतात. त्यामुळे एकाचे नियम दुसऱ्याला सहज लावले जातात.

आधी टॉर्क. ताईचं वजन 30 × 9.8 = 294 न्यूटन. ते टेकूपासून 1.5 मीटरवर खाली ओढतं, म्हणून तिचा टॉर्क 441 न्यूटन-मीटर. भावाचं वजन 196 न्यूटन, त्याचा टॉर्क 294 न्यूटन-मीटर. ताई फळीला एकीकडे फिरवू पाहते आणि भाऊ उलट दिशेला, म्हणून इथे वजाबाकी होते: 441 − 294 = 147 न्यूटन-मीटर. फळीचं स्वतःचं वजन टेकूवरच येतं, त्याचा टॉर्क शून्य.

आता जडत्वाघूर्ण. इथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे: फळी फिरायला लागली की कोणाकोणाला हलावं लागेल? ताई खाली जाईल, भाऊ वर जाईल, फळी वळेल. तिघांनाही स्थिरावस्थेतून हलवायचं आहे, आणि भाऊ वर जातोय म्हणून त्याला हलवण्याची गरज काही उणे होत नाही. म्हणून इथे सरळ बेरीज. ताईचं 30 × 1.5² = 67.5, भावाचं 20 × 1.5² = 45, आणि फळीचं mL²/12 या सूत्राने 12 × 3² / 12 = 9. एकूण 121.5 किलोग्राम-मीटर². फळीचं वजन टॉर्कमध्ये आलं नाही, पण तिचं वस्तुमान इथे आलंच.

147 भागिले 121.5, म्हणजे कोनीय त्वरण सुमारे 1.21 रेडियन प्रति सेकंद². त्याला 1.5 ने गुणलं की टोकाचं त्वरण मिळतं: 1.8 मीटर प्रति सेकंद².

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी: टॉर्क 147 घ्यायचा, पण जडत्वाघूर्ण मात्र फक्त फळीचं, म्हणजे 9. ‘फिरते ती फळी, मुलं तर नुसती बसली आहेत’ असा त्यामागचा विचार असतो. उत्तर येतं 16.3 रेडियन प्रति सेकंद², आणि टोकाचं त्वरण 24.5 मीटर प्रति सेकंद². इथेच थांबून उत्तराकडे बघायला हवं. ताईला खाली ओढणारं फक्त गुरुत्वाकर्षण आहे, मग तिची जागा 9.8 पेक्षा जास्त त्वरणाने खाली कशी जाईल? तसं झालं तर फळी तिच्याखालून निसटेल आणि ती हवेत मागे राहील. टोकाचं त्वरण 9.8 च्या वर गेलं, तर गणित नक्की चुकलं आहे.

पण ‘फक्त फळी’चा विचार करणं मुळात चूक नाही, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. फळी एकटी घ्यायची असेल तर तिच्यावर मुलांचं वजन लागत नाही, मुलं तिला प्रत्यक्षात जितकं दाबतात तितकंच बल लागतं. ताई 1.8 ने खाली जात असल्यामुळे तिचा फळीवरचा दाब कमी होतो: 30 × (9.8 − 1.815), म्हणजे सुमारे 239.6 न्यूटन. भाऊ वर उचलला जातोय, त्याचा दाब वाढतो: 20 × (9.8 + 1.815), सुमारे 232.3 न्यूटन. फरक उरला जेमतेम 7.3 न्यूटनचा. त्याला 1.5 मीटरने गुणलं की सुमारे 10.9 न्यूटन-मीटर, आणि 9 ने भागलं की पुन्हा तेच 1.21. थोडक्यात, टॉर्कमध्ये mg वापरलंत तर जडत्वाघूर्णात मुलं घ्यावीच लागतात. मुलं वगळलीत तर mg च्या जागी खरा दाब घ्यावा लागतो. टॉर्क एका पद्धतीचा आणि जडत्वाघूर्ण दुसऱ्या पद्धतीचं, असं चालत नाही.

दुसरी चूक जरा छुपी आहे. टॉर्कसारखीच जडत्वाघूर्णातही वजाबाकी: 67.5 − 45 + 9 = 31.5. उत्तर 4.67, टोकाचं त्वरण 7 मीटर प्रति सेकंद². हे 9.8 च्या आत असल्यामुळे वरची कसोटी ते पकडत नाही. ते पकडायला दोन्ही मुलं सारख्याच वजनाची आहेत असं धरून बघा. या हिशोबाने दोघांचं जडत्वाघूर्ण एकमेकांत कटतं आणि उरतं फक्त फळीचं. म्हणजे दोन मुलं बसलेला सी-सॉ रिकाम्या सी-सॉइतकाच हलका फिरायला हवा. तोल साधलेल्या फळीवर मुलं बसलेली असताना एक टोक हाताने ढकलून बघणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही. तोल साधला की टॉर्क शून्य होतो, जडत्वाघूर्ण होत नाही.

या दोन राशींचा वेगळेपणा मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो दोन्ही मुलांना आत सरकवल्यावर. दोघांना टेकूपासून 0.75 मीटरवर बसवा. अंतर निम्मं झालं, म्हणून टॉर्कही निम्मा झाला: 73.5 न्यूटन-मीटर. पण जडत्वाघूर्णात अंतराचा वर्ग असल्यामुळे मुलांचा वाटा 112.5 वरून चौथाईवर, म्हणजे सुमारे 28.1 वर आला. फळीचे 9 धरून एकूण 37.1. कोनीय त्वरण आता 1.98 होतं. टॉर्क निम्मा होऊनही फळी जास्त झपाट्याने वळायला लागते! मुलांचं स्वतःचं त्वरण मात्र 1.98 × 0.75, म्हणजे 1.5 मीटर प्रति सेकंद², आधीच्या 1.8 पेक्षा कमी.

हे सगळे आकडे फळी आडवी असतानाचे आहेत. ती कलली की वजनाची टेकूपासूनची आडवी अंतरं कमी होतात, आणि टॉर्कला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणावं लागतं. जडत्वाघूर्ण आहे तेवढंच राहतं, कारण मुलं फळीवर आपापल्या जागीच बसलेली असतात. टेकू जमिनीपासून अर्धा मीटर उंच असेल तर ताईचं टोक जमिनीला लागेपर्यंत फळी साधारण साडेएकोणीस अंश कलते, आणि मुलं टोकांवर असताना तोवर त्वरण 1.21 वरून 1.14 वर उतरलेलं असतं. फरक इतका थोडा, की त्वरण स्थिर धरून वेळ काढला तरी चालतं: सुमारे पाऊण सेकंद. प्रत्यक्षात थोडा जास्तच लागेल, कारण टेकूच्या बोल्टमध्ये घर्षण असतं, आणि खाली येताना ताई पाय टेकवते ते वेगळंच.