मोसमाचा पैसा मोसमात का मोडत नाही

वाशीच्या फळबाजारात मार्चच्या मध्यापासून हापूसच्या पेट्यांचा ओघ सुरू झाला की माथाडी टोळ्यांना उसंत नसते. माल जास्त म्हणून मजुरीही जास्त. जून उजाडला की आंबा संपतो आणि हात मोकळे होतात. कोपरखैरण्यातल्या अशा एका घराचा हिशोब मी एकदा त्यांच्यासमोर बसून मांडला होता. इथे आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. मोसमाचे तीन महिने दरमहा 40,000 रुपये, उरलेले नऊ महिने दरमहा 20,000. म्हणजे वर्षाचे तीन लाख, महिन्याला सरासरी 25,000. घरखर्च मात्र बारा महिने जवळपास सारखाच, 23,000. मी वहिनींना विचारलं, मेमध्ये एवढा पैसा येतो तेव्हा हात थोडा सैल होत नाही का? त्या म्हणाल्या, "तो पैसा मेचा नाही भाऊजी, ऑगस्टचा आहे. आमच्याकडे नुसता लवकर आलाय."

आता समजा, बचतीची पाहणी करणारा कुणी मे महिन्यात या घरी गेला. त्याला दिसेल की 40,000 पैकी 17,000 शिल्लक पडतात, म्हणजे बचत बेचाळीस टक्क्यांच्या वर. तोच ऑगस्टमध्ये गेला तर 3,000 ची तूट दिसेल. दोन्ही नोंदी खऱ्या, पण दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. वर्षभराचा हिशोब लावला तर हे घर 24,000 रुपये, म्हणजे आठ टक्के वाचवतं. शेजारच्या इमारतीत दरमहा ठराविक 40,000 कमावणारा कारकून समजा तेवढेच आठ टक्के वाचवत असेल, तर तो महिन्याला 36,800 खर्च करतो. मेमध्ये दोघांची कमाई एक, पण खर्चात जवळपास चौदा हजारांचा फरक.

अर्थशास्त्राला हाच घोळ सुटायला दोन दशकं लागली. 1936 मध्ये केन्सने मांडलं की उत्पन्न वाढलं की माणूस खर्च वाढवतो, पण उत्पन्न वाढतं तेवढा नाही. कुटुंबांच्या खर्चाच्या पाहण्याही तेच सांगत होत्या: वरच्या गटातली कुटुंबं उत्पन्नाचा मोठा हिस्सा बाजूला टाकतात, तळाची तुटीत असतात. मग देश श्रीमंत होत जाईल तसा बचतीचा वाटा फुगत जाईल आणि मालाला गिऱ्हाईक उरणार नाही, अशी धास्ती अनेकांनी घेतली. सायमन कुझनेट्स यांनी 1869 पासूनचे अमेरिकेचे आकडे जुळवले तेव्हा निघालं भलतंच. देश कितीतरी पटींनी श्रीमंत झाला होता, पण बचतीचा वाटा जवळपास जागच्या जागी होता.

मिल्टन फ्रीडमन यांनी कुझनेट्स यांच्यासोबत डॉक्टर-वकिलांसारख्या स्वतंत्र व्यावसायिकांच्या कमाईवर काम केलं होतं आणि ते 1945 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या व्यवसायांत कमाई वर्षागणिक खालीवर होते. म्हणून तिचे दोन भाग पाडणं तिथे भागच होतं: एक माणसाच्या कुवतीचा, टिकणारा, आणि दुसरा त्या वर्षीच्या योगायोगाचा. फ्रीडमन यांनी 1957 च्या पुस्तकात हीच फोड खर्चाला लावली. खर्च ठरतो तो स्थायी उत्पन्नावर, तात्पुरत्या चढउतारावर नाही. पाहणीत 'श्रीमंत' गटात दिसणाऱ्यांपैकी बरेच जण त्या वर्षापुरतेच वर आलेले असतात, आमच्या मेमधल्या माथाड्यासारखे. त्यांचा खर्च मात्र नेहमीच्या उत्पन्नाप्रमाणे, म्हणून बचत जास्त दिसते. तळाच्या गटात ऑगस्टमधले माथाडी असतात. संपूर्ण देशाच्या कित्येक दशकांच्या सरासरीत हे योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात आणि बचतीचा वाटा स्थिर दिसतो. कोडं माणसांच्या वागण्यात नव्हतंच, मोजमापात होतं.

1954 मध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि त्यांचे तरुण सहकारी रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी तीच गोष्ट आयुष्याच्या मापाने मांडली होती. माणूस कमावत्या वयात साठवतो आणि निवृत्तीत मोडतो, म्हणून आजचा खर्च उरलेल्या सगळ्या आयुष्याच्या कमाईवर बेतलेला असतो. ठाण्यातला 48 वर्षांचा एक नोकरदार धरा. साठाव्या वर्षी निवृत्ती, आणि आजपासून तीस वर्षं जगण्याचा त्याचा अंदाज. त्याला 1,20,000 रुपयांची थकबाकी एकदाच मिळाली, तर व्याज बाजूला ठेवून तीस वर्षांत वाटल्यावर महिन्याला 333 रुपये पदरी पडतात. पण पगारच 10,000 ने वाढला, तर पहिल्या वर्षी हातात पडतात तेवढेच 1,20,000, मात्र बारा वर्षांत होतात 14,40,000. तीस वर्षांत वाटले की महिन्याला 4,000. रक्कम तीच, पण खर्चावरचा परिणाम बारा पट. फ्रीडमन मात्र माणसाला एवढा दूरदर्शी मानत नव्हते. त्यांच्या हिशोबात क्षितिज साधारण तीन वर्षांचं होतं, म्हणजे थकबाकीतला जवळपास तिसरा हिस्सा पहिल्याच वर्षी खर्ची पडेल. मला हा अंदाज माणसांच्या जास्त जवळचा वाटतो.

लगेच परीक्षाही झाली, आणि निकाल लागले उलटसुलट. 1950 मध्ये अमेरिकेत महायुद्धातल्या माजी सैनिकांना विम्याचा लाभांश मिळाला. रोनाल्ड बॉडकिन यांनी 1959 मध्ये दाखवलं की त्यातला बराच मोठा हिस्सा खर्च झाला. मॉर्डेकाय क्रेनिन यांनी 1961 मध्ये जर्मनीकडून भरपाई मिळालेल्या इस्रायली कुटुंबांचे आकडे तपासले, तर तिथे अगदी थोडा हिस्सा खर्च झालेला. भरपाईची रक्कम कुटुंबाच्या कमाईच्या मानाने मोठी होती, विम्याची लहान. पुढे मायकेल लँड्सबर्गर यांनी 1966 मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: घबाड जितकं मोठं तितका त्यातला खर्चाचा वाटा कमी. पाचशेची नोट सापडली तर मिसळ-पाव होतो, पाच लाख आले तर मुदतठेव.

इथे एक शब्द जपून वापरायला हवा. फ्रीडमन यांच्या भाषेत खर्च म्हणजे वस्तूचा उपभोग. थकबाकीतून घेतलेला फ्रिज दहा वर्षं वापरायचा असेल, तर त्याची खरेदी बहुतांशी बचतच ठरते. दुकानदाराला मात्र ती विक्रीच दिसते. आकडे वाचताना हा भेद विसरला की सिद्धांत खोटा पडल्यासारखा वाटतो.

खरी मर्यादा वेगळी आहे. ऑगस्टची तूट भरायला मेचे पैसे शिल्लक हवेत, नाहीतर पतपेढीचं कर्ज किंवा किराणावाल्याच्या वहीवर उधारी तरी. ज्या घराला यातलं काहीच नाही, तिथे कमाई घटली की त्याच आठवड्यात दूध अर्धा लिटरवर येतं आणि पैसे आले की लगेच पूर्ववत होतं. माणूस अदूरदर्शी आहे म्हणून नाही, तर उद्याचा पैसा आज आणायची सोय नाही म्हणून. 2001 मध्ये अमेरिकेने कर परत केला, तेव्हाच्या अभ्यासातही शिल्लक नसलेल्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांचा खर्च जास्त हलल्याचं दिसलं.

आपल्याकडे 12 ऑक्टोबर 2020 ला केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांसाठी जी योजना आणली, तिच्यात हा सगळा इतिहास वाचता येतो. एलटीसीच्या, म्हणजे रजेतल्या प्रवास सवलतीच्या, भाड्याची रक्कम मिळणार, पण तिच्या तिप्पट खरेदी करायची, तीही 12 टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तूंची, डिजिटल पद्धतीने आणि 31 मार्च 2021 च्या आत. सोबत सणासाठी 10,000 रुपयांची बिनव्याजी उचल, पण रुपे कार्डावर, त्याच तारखेपर्यंत खर्चायची आणि दहा हप्त्यांत फेडायची. रोख हातात दिली तर ती खात्यातच पडून राहील, याची भीती त्या प्रत्येक अटीत दिसते. वहिनींना मी त्या कार्डाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मग मार्चपर्यंतचा किराणा त्याच कार्डावर भरला आणि पगार बाजूला ठेवला तर?"