मेंदूत पाठीला जागा किती?

"पाठ एवढी मोठी, मग मेंदूत तिला जागाही मोठीच असणार ना?"

उलट आहे. त्वचेत स्पर्शाचे चेतातंतू जिथे दाट, त्या भागाला जागा जास्त. घरीच पडताळा. कुणाला डोळे मिटायला सांगून दोन टूथपिकांची टोकं ४ मिलिमीटर अंतरावर बोटाच्या टोकाला टेकवा. दोन्ही वेगळी कळतात. पाठीवर ती एकमेकांपासून ३ सेंटिमीटर लांब टेकवली तरी बहुतेकांना एकच वाटतं.

स्पर्शाचे हे संदेश मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्रामार्गे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, म्हणजे बाह्यकातल्या, एका पट्टीवर पोचतात. १९३७ साली मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी शस्त्रक्रियेत जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतप्रवाह देऊन तिचा नकाशा मांडला. त्यात ओठ आणि बोटं अवाढव्य, धड चिमुकलं. शिवाय हात चक्क चेहऱ्याशेजारी! हात कापावा लागलेल्या काहींना गालाला लावलेलं बोट नसलेल्या हातावर जाणवतं, ते बहुधा या शेजारामुळेच.